नोकरीच्या अर्जातील ‘मी’ कसा मोजावा आणि पत्र मालकाच्या गरजेकडे कसे वळवावे

नोकरीसाठी बायोडेटासोबत जे एक पानाचे पत्र जाते, त्याला आपल्याकडे ‘कव्हरिंग लेटर’ म्हणतात. मंडळातील सभासदांची मुले-मुली आणि नातवंडे अशी पत्रे वाचून घेण्यासाठी आमच्याकडे आणतात. भाषेच्या चुका त्यांनी आधीच काढलेल्या असतात. आमच्या नजरेला येणारा दोष वेगळाच असतो. पत्रातील जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘मी’ने, इंग्रजीत ‘आय’ने, सुरू झालेले असते, आणि ज्याला माणूस हवा आहे त्याचे नेमके काय अडले आहे, हे त्यात कुठेच नसते.

कर्जाचे अर्ज वाचण्यात आमची तीसहून अधिक वर्षे गेली, म्हणून हा दोष आम्हाला लवकर दिसतो. ‘मला लेथ मशीन घ्यायचे आहे, मला दहा लाखांची गरज आहे, मी प्रामाणिक आहे’ एवढेच सांगणारा अर्ज अधिकाऱ्याच्या उपयोगाचा नसतो. पैसे परत कसे येतील, हा त्याचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर अर्जात शोधावे लागते. नोकरी देणाऱ्याचेही तसेच आहे. त्याच्याकडे काहीतरी काम पडून आहे म्हणून त्याने जाहिरात दिलेली असते.

हा दोष तपासायचा कसा आणि दुरुस्त कसा करायचा, ते एका पत्राच्या आधाराने येथे देत आहोत. हे पत्र बेळगावच्या एका सभासदांच्या मुलीचे. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत अकाउंट्स असिस्टंटची जागा होती, तिच्यासाठी ते लिहिले होते. तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा रीतीने ते देतो. मूळ पत्र इंग्रजीत होते, येथे मराठीत उतरवले आहे.

जाहिरात आणि पहिला मसुदा

जाहिरात चार ओळींची होती. ‘अकाउंट्स असिस्टंट पाहिजे. टॅली, जीएसटी, जॉबवर्क चलने आणि बँकेचे काम येणे आवश्यक. महिनाअखेरीस उशिरा थांबण्याची तयारी हवी. मराठी व कन्नड यावे.’

मुलगी बी.कॉम. झालेली. दोन वर्षे एका कर सल्लागारांच्या कार्यालयात नोकरी करत होती. तिचा मसुदा असा होता :

१. मी आपल्या कंपनीतील अकाउंट्स असिस्टंट या पदासाठी अर्ज करत आहे.
२. मी २०२२ साली बी.कॉम. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले.
३. मी टॅलीचा कोर्स पूर्ण केला आहे.
४. मी गेली दोन वर्षे एका कर सल्लागारांच्या कार्यालयात काम करत आहे.
५. मला जीएसटीची चांगली माहिती आहे.
६. माझ्याकडे तेथे अनेक ग्राहकांचे काम आहे.
७. मी मेहनती, प्रामाणिक आणि वक्तशीर आहे.
८. मी मराठी, कन्नड, हिंदी व इंग्रजी बोलू शकते.
९. आपली कंपनी नामवंत असून तेथे काम करणे हे माझे स्वप्न आहे.
१०. मला उत्पादन क्षेत्रातील अनुभव घ्यायचा आहे.
११. मला खात्री आहे की आपल्या कंपनीत माझी प्रगती होईल.
१२. मी आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

यात एकही वाक्य चुकीचे नाही. हेच पत्र, फक्त कंपनीचे नाव बदलून, तिने आधी सात ठिकाणी पाठवले होते आणि एकाही ठिकाणाहून फोन आला नव्हता. आपल्याला काम येत नाही म्हणून कोणी बोलावत नाही, असे तिने मनाशी धरले होते. पुढे चौकशी केली तेव्हा काम तिला चांगले येत होते असे दिसले. ते पत्रात उतरलेच नव्हते.

पहिली पायरी : मोजणी

पत्राचा कागद छापून घ्यावा आणि प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर येईल असे करावे. मग प्रत्येक ओळीतील पहिल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. परिच्छेदात दडलेला ‘मी’ असा ओळींत मांडला की एकाखाली एक उभा दिसतो.

संगणकावर करायचे असल्यास वर्डमध्ये `Ctrl+H` दाबून `Find` या टॅबवर जावे, `More` उघडून `Match case` आणि `Find whole words only` या दोन्ही चौकटींवर खूण करावी आणि `I` शोधावा. या खुणा केल्या नाहीत तर प्रत्येक शब्दातील आय हे अक्षर सापडत राहते आणि मोजणीला अर्थ उरत नाही. त्यानंतर `Match case` ची खूण काढून `My` आणि `Me` हेही शोधावेत.

वरच्या मसुद्यात बारापैकी सात वाक्ये ‘मी’ने सुरू होतात, तीन ‘मला’ने आणि एक ‘माझ्याकडे’ने. इंग्रजी मसुद्यात ही अकराच्या अकरा वाक्ये ‘आय’ने सुरू होत होती. उरले नववे वाक्य. ते ‘आपली कंपनी’ने सुरू होते, पण ‘माझे स्वप्न’वर जाऊन थांबते. म्हणजे मालकाबद्दलचे असे बाराव्यात एकही वाक्य नाही.

किती ‘मी’ चालतात, याचा काही सरकारी नियम नाही. आम्ही ठरवलेला अंदाज असा की दोन लागोपाठ वाक्ये ‘आय’ने सुरू होऊ नयेत, कोणताही परिच्छेद ‘आय’ने सुरू होऊ नये आणि दहा-बारा वाक्यांच्या पत्रात असे आरंभ तीन-चारच्या वर जाऊ नयेत. हा आकडा तापमापकासारखा वापरावा. ताप आहे एवढे त्याने कळते, औषध वेगळे शोधावे लागते.

दुसरी पायरी : वाक्य कोणाच्या कामाचे, ते पाहणे

मोजणी झाल्यावर बहुतेक जण लगेच वाक्यांची उलटापालट करायला घेतात. ती घाई करू नये. आधी समासात प्रत्येक वाक्यासमोर एक अक्षर लिहावे. जाहिरातीतील एखाद्या कामाला उत्तर देणारे वाक्य असेल तर ‘क’, म्हणजे कामाचे. खरे आहे पण फक्त अर्जदाराविषयी आहे, तर ‘म’, म्हणजे माझे. आणि हेच वाक्य शेजारच्या अर्जदारानेही जसेच्या तसे लिहिले असते, तर ‘र’, म्हणजे रिकामे.

या मसुद्यात पाचव्या आणि आठव्या वाक्याला कसेबसे ‘क’ मिळाले, कारण जीएसटी आणि भाषा यांचा उल्लेख जाहिरातीत होता. टॅलीचे तिसरे वाक्यही त्यातच धरता येईल. सातवे, नववे, अकरावे आणि बारावे ‘र’. प्रामाणिक नाही असे कोणीच लिहीत नाही, त्यामुळे प्रामाणिक आहे असे लिहिण्याने काही कळत नाही. बाकी सगळी ‘म’.

दहाव्या वाक्यावर थोडे थांबायला हवे, कारण असे वाक्य जवळजवळ प्रत्येक नव्या अर्जदाराच्या पत्रात असते. ‘मला उत्पादन क्षेत्रातील अनुभव घ्यायचा आहे’ हे लिहिणाऱ्याला नम्रपणाचे वाटते. वाचणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की ही व्यक्ती येथे शिकायला येणार आणि शिकवण्याचा वेळ आपण द्यायचा. अनुभव घेणे ही अर्जदाराची गरज झाली. मालकाची गरज त्या जाहिरातीच्या चार ओळींत आहे.

तिसरी पायरी : जाहिरातीमागचे अडलेले काम ओळखणे

जाहिरातीतील प्रत्येक शब्दासमोर ‘हे त्यांना का हवे असेल?’ असे लिहून उत्तर शोधावे. या जाहिरातीत तीन शब्द महत्त्वाचे होते.

पहिला जीएसटी. महिन्याला विवरण भरणाऱ्या कंपनीला जीएसटीआर-१ पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरावे लागते. मधल्या काळात, १४ तारखेला, जीएसटीआर-२बी हा तक्ता तयार होऊन येतो. आपल्या पुरवठादारांनी कोणती बिले दाखवली आहेत, ते त्यात दिसते. जे बिल त्यात नाही त्याचे क्रेडिट त्या महिन्यात घेता येत नाही आणि तेवढा कर रोख भरावा लागतो. म्हणजे मालकाला ‘जीएसटी येणारा’ माणूस हवा, याचा अर्थ तारीख न चुकवणारा आणि न आलेली बिले वेळेत शोधणारा माणूस हवा.

दुसरा शब्द जॉबवर्क चलने. फाउंड्री ओतीव कास्टिंग तयार करते आणि पुष्कळदा मशीनिंगसाठी ती बाहेरच्या मशीन शॉपकडे चलनावर पाठवते. असा माल एका वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटीत तो पाठवल्या दिवशीच विकला असे धरून कर लागू शकतो. त्याहून रोजची अडचण म्हणजे पाठवलेले नग, परत आलेले नग आणि खराब निघालेले नग यांचा मेळ बसत नाही.

तिसरा शब्द ‘बँकेचे काम’. तिला वाटले की याचा अर्थ चेक भरणे आणि पासबुक आणणे. आम्ही टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेलो असल्याने आमच्या डोळ्यांसमोर वेगळे चित्र आले. फाउंड्रीसारख्या धंद्याला बहुधा कॅश क्रेडिट खाते असते. त्यासाठी दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते, म्हणजे माल किती शिल्लक आहे, कोणाकडून किती येणे आहे, कोणाला किती देणे आहे, याचा तक्ता. त्यावरून बँक खात्यातून किती रक्कम उचलता येईल ते ठरवते. जुनी येणी, साधारणपणे नव्वद दिवसांच्या पुढची, बँक धरत नाही. येणे २४ लाखांचे असेल आणि त्यातले ४ लाख नव्वद दिवसांच्या पुढचे असतील, तर हिशेबात २० लाखच येतात आणि त्यातूनही मार्जिन वजा होते. स्टेटमेंट उशिरा गेले किंवा यादी चुकली, तर नेमके पगाराच्या आठवड्यात खाते अडते. महिनाअखेरीस उशिरा थांबण्याची अट जाहिरातीत का होती, तेही यावरून उलगडते.

हे सगळे प्रत्येकाला माहीत असणार नाही, आणि असावे अशी अपेक्षाही नाही. अशा वेळी त्या धंद्यातील एखाद्या ओळखीच्या माणसाला गाठावे. आपल्या मंडळाच्या सभासदांत निवृत्त हिशेबनीस, दुकानदार, कारखानदार, शिक्षक सगळे आहेत. ‘काका, जाहिरातीत असे लिहिले आहे, त्यांना रोज नेमके काय लागत असेल?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी पुरतो. कोणीच मिळाले नाही तर जाहिरातीतील क्रमांकावर फोन करून ‘बँकेच्या कामात काय काय येते?’ असे सरळ विचारावे. त्यात कमीपणा नाही.

चौथी पायरी : ‘मी’च्या आतला पुरावा बाहेर काढणे

आता मसुद्यातील ‘म’ खूण असलेल्या वाक्यांकडे परत यावे आणि प्रत्येकाला विचारावे : कोणाचे, किती, कधी, आणि त्याने काय झाले? सहावे वाक्य होते, ‘माझ्याकडे तेथे अनेक ग्राहकांचे काम आहे’. अनेक म्हणजे किती, असे विचारल्यावर ती म्हणाली, चौदा. त्यात कोण कोण? दुकानदार, दोन ठेकेदार आणि तीन मशीन शॉप. मशीन शॉपचे काय करावे लागते? फाउंड्र्यांकडून जी कास्टिंग येतात त्यांची चलनवार नोंद.

आम्ही तिला तेथेच थांबवले. फाउंड्रीला ज्या चलनांची डोकेदुखी होती, त्याच चलनांची दुसरी बाजू ही मुलगी दोन वर्षे सांभाळत होती. पत्रात त्याचे एक अक्षरही नव्हते.

पुढे आणखी निघाले. ग्राहक बिले उशिरा आणून देत म्हणून ती दर महिन्याच्या ५ तारखेला यादी करून सर्वांना फोन करी. १४ तारखेनंतर खरेदीची नोंद जीएसटीआर-२बीशी ताडून पाही. दोन ग्राहकांच्या स्टॉक स्टेटमेंटसाठी येणे रकमांची दिवसांनुसार यादीही तीच करी. मात्र शिल्लक मालाचे मूल्य काढण्याचे काम तिने कधी केले नव्हते. तिने विचारले, ‘हे लिहायचे का?’ आम्ही सांगितले, लिहायचे. जे येते ते तंतोतंत लिहिणाऱ्याने जे येत नाही तेही एका वाक्यात सांगितले, तर बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो. शिवाय मुलाखतीत ते निघणारच होते.

दुरुस्त केलेले पत्र

पदाचे नाव आणि जाहिरातीची तारीख ‘विषय’ या ओळीत गेली, त्यामुळे पहिल्या वाक्याची गरज उरली नाही. पदवीचे वर्ष, श्रेणी आणि टॅलीचा कोर्स बायोडेटात होतेच. उरलेले पत्र असे झाले :

१. आपल्या जाहिरातीत जीएसटी, जॉबवर्क चलने आणि बँकेचे काम अशी तीन कामे दिली आहेत.
२. एका कर सल्लागारांच्या कार्यालयात गेली दोन वर्षे मी टॅलीवर यांपैकी पहिली दोन पूर्णपणे आणि तिसरे काही अंशी सांभाळते.
३. तेथील माझ्याकडच्या चौदा ग्राहकांपैकी तीन मशीन शॉप आहेत.
४. जीएसटीआर-१ ची ११ तारीख चुकू नये म्हणून दर महिन्याच्या ५ तारखेला न आलेल्या बिलांची यादी करून मी ग्राहकांना फोन करते.
५. जीएसटीआर-२बी आल्यावर खरेदीची नोंद त्याच्याशी ताडून, न दिसणाऱ्या बिलांची यादी मी ग्राहकाला पाठवते, म्हणजे २० तारखेला किती क्रेडिट मिळणार हे त्यांना आधीच कळते.
६. मशीन शॉपमध्ये फाउंड्र्यांकडून येणाऱ्या कास्टिंगची चलनवार नोंद ठेवताना, आलेल्या आणि परत गेलेल्या नगांत फरक कोठे पडतो, ते दर महिन्याला पाहण्यात येते.
७. बँकेच्या कामापैकी येणे रकमांची दिवसांनुसार यादी मी दोन ग्राहकांसाठी करते. शिल्लक मालाचे मूल्यांकन अजून केलेले नाही.
८. महिनाअखेरीस उशिरा थांबणे शक्य आहे, आणि मराठी व कन्नड दोन्ही भाषांत फोनवर पाठपुरावा करता येतो.
९. सध्याच्या कार्यालयाला एक महिन्याची सूचना द्यावी लागेल.
१०. भेटीसाठी आपण सांगाल त्या दिवशी सायंकाळी ६ नंतर येता येईल.

येथे ‘मी’ चार वेळा आहे, पण एकही वाक्य त्याने सुरू होत नाही. इंग्रजीत उतरवल्यावर दोन वाक्ये ‘आय’ने सुरू झाली, सातवे आणि नववे, आणि ती तशीच ठेवली. वाक्ये बारावरून अकरावर आली. मेहनती आणि वक्तशीर हे शब्द गेले आणि त्यांच्या जागी ५ तारीख आली. ती तारीख वाचणाऱ्याला वक्तशीरपणा आपोआप कळतो.

पत्र गेले आणि पाचव्या दिवशी मुलाखतीचे बोलावणे आले. मालकांनी पहिलाच प्रश्न सहाव्या वाक्यावर विचारला : नगांत फरक बहुतेक कोठे पडतो? तिने सांगितले, खराब निघालेले नग परत पाठवताना वेगळे चलन केले जात नाही तेथे. पुढची अर्धी मुलाखत त्यावरच झाली. एका पत्रावरून नियम काढता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्या कामाबद्दल तिला बोलता येत होते, त्याच कामाबद्दल तिला विचारले गेले. आधीच्या पत्राने तशी वाटच ठेवली नव्हती.

दुरुस्तीत होणाऱ्या चुका

‘आय’ पुसून ‘माय’ लिहिले की मोजणी खाली येते, पण पत्र तेच राहते. ‘माझा अनुभव’, ‘माझे शिक्षण’, ‘माझे ध्येय’ अशी सुरुवात म्हणजे ‘मी’च. ‘हॅविंग’ने वाक्य सुरू करून ‘आय’ मध्यावर ढकलणे हाही तसाच प्रकार. अशी दोन-तीन वाक्ये एकापाठोपाठ आली की पत्र मुद्दाम वळवलेले वाटू लागते.

दुसरी चूक कर्ताच काढून टाकण्याची. ‘जीएसटीचे काम करण्यात आले’, ‘नोंदी ठेवण्यात आल्या’ अशी भाषा आम्ही तपासणी अहवालांत पुष्कळ वाचली आहे. काम कोणी केले हे सांगायचे नसले की ती वापरतात. अर्जात काम कोणी केले हेच तर सांगायचे असते. म्हणून जेथे स्वतः केलेल्या कामाचा दावा आहे तेथे ‘मी’ ठेवावा, फक्त वाक्याच्या पोटात ठेवावा. जबाबदारी घेणारा, उणीव कबूल करणारा आणि रुजू होण्याची तारीख सांगणारा ‘मी’ काढू नये.

तिसरी चूक स्तुतीची. ‘आपली नामवंत, अग्रगण्य कंपनी’ असे लिहिले म्हणजे पत्र मालकाकडे वळले, असा समज आहे. मालकाला आपली कंपनी कशी आहे ते माहीत असते. तो स्वतःच्या कामाचे उत्तर शोधत असतो. याच्या उलट टोकालाही जाऊ नये. तिच्या दुसऱ्या मसुद्यात ‘आपल्याकडे स्टॉक स्टेटमेंट वेळेवर जात नसेल’ असे एक वाक्य आले होते. अंदाज खरा असला तरी परक्याच्या घरातील उणीव पत्रात काढणे बरे नव्हे, आणि खोटा ठरला तर अर्ज तेथेच संपतो. जाहिरातीत जे लिहिले आहे तेवढ्याचाच उल्लेख करावा आणि बाकी अंदाज आपले कोणते काम पुढे मांडायचे हे ठरवण्यापुरता वापरावा.

मराठीत लिहिलेल्या अर्जाबद्दल

सीमाभागात पतसंस्था, शाळा आणि दुकाने यांच्याकडे अजून मराठीत अर्ज जातात. त्यांच्या बाबतीत मोजणीची ही पद्धत फसवते. इंग्रजीत ‘आय’ गाळता येत नाही, मराठीत ‘मी’ सहज गाळता येतो, कारण क्रियापदावरून कर्ता कळतो. ‘२०२२ साली बी.कॉम. उत्तीर्ण झाले, टॅलीचा कोर्स केला आहे, नोकरीची संधी मिळावी अशी विनंती करते’ या ओळीत ‘मी’ एकदाही नाही, आणि तरी ती सगळी अर्जदाराविषयीच आहे.

म्हणून मराठी अर्जात पहिल्या शब्दाऐवजी शेवटचा शब्द पाहावा. ‘करते, इच्छितो, मिळावी, व्हावी’ असे शेवट एकाखाली एक येत असतील तर पत्र मागणीपत्र झाले आहे असे समजावे. ‘सदर अर्जदाराने’ अशी जुनी कचेरीची भाषा वापरली तरी फरक पडत नाही, ‘मी’ने नुसते वेगळे नाव घेतलेले असते. खरी कसोटी तीच, समासातल्या ‘क’, ‘म’, ‘र’ यांची. ती कोणत्याही भाषेत चालते.

ही तपासणी कोठे लागू नाही

बँकांच्या आणि सरकारी भरतीत ठरावीक ऑनलाइन अर्ज असतो, तेथे पत्राला जागाच नसते. प्रतिज्ञापत्रात ‘मी’ कायद्यानेच लागतो, त्याला हात लावू नये. अगदी नव्या पदवीधराकडे दाखवण्यासारखे नोकरीचे काम नसेल, तर मंडळाच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च ठेवला असेल तो चालतो, पण किती पावत्या होत्या आणि हिशेब कोणत्या दिवशी सादर केला, हे सांगता आले पाहिजे. आणि जेथे जाहिरातीत फक्त ‘माणूस पाहिजे’ एवढेच असते, तेथे आधी फोन करून काम विचारावे. गरज कळल्याशिवाय पत्र गरजेकडे वळवता येत नाही.

पत्र तयार झाले की शेवटी एकदा ते घरातील दुसऱ्या कोणाकडे द्यावे, जाहिरात मात्र दाखवू नये. वाचून झाल्यावर विचारावे, ‘यांना कोणत्या कामासाठी माणूस हवा आहे?’ उत्तर बरोबर आले तर पत्र पाठवायला हरकत नाही. उत्तरात कामाऐवजी अर्जदाराचेच वर्णन आले, तर कागद पुन्हा ओळी-ओळींत मांडून पेन्सिल हातात घ्यावी.